सरासरीतला फरक मिळवला तरी दोन पेपर बरोबरीत येत नाहीत

> "(१) दोन्ही पेपर १०० गुणांचे, म्हणजे तुलना थेट करता येते. (२) एक पेपर फारच अवघड गेला असेल तर सरासरीतला फरक सगळ्यांना मिळवून द्या, विषय संपला. (३) STANDARDIZE लावलंत तर निम्मा वर्ग मायनसमध्ये जाईल, पालकांना काय सांगणार? (४) सीईटीचं नॉर्मलायझेशन म्हणजे हेच, आणि त्यावरची ओरड आपण दरवर्षी ऐकतोच."

दोन पेपरांच्या गुणांची तुलना कशी करायची, यावरचा हा मजकूर. त्यातलं STANDARDIZE म्हणजे स्प्रेडशीटमधलं एक सूत्र. चारही मुद्दे एकाच छोट्या वर्गावर तपासू. आकडे मी रचलेले आहेत आणि मुद्दाम गोल ठेवलेत, म्हणजे कागदावरही पडताळता येतील. आठही मुलांनी दोन्ही पेपर दिले आहेत.

| हजेरी क्र. | मराठी | गणित | एकूण |
|---|---|---|---|
| १ | ७८ | ५४ | १३२ |
| २ | ६६ | ७४ | १४० |
| ३ | ७४ | ६६ | १४० |
| ४ | ६२ | ३८ | १०० |
| ५ | ७४ | ७८ | १५२ |
| ६ | ७२ | २२ | ९४ |
| ७ | ६८ | ४२ | ११० |
| ८ | ६६ | २६ | ९२ |

मराठीची सरासरी ७०, गणिताची ५०. फरक २० गुणांचा, आणि सगळी चर्चा नेहमी याच फरकावर अडते. पण कॉलम वरून खाली वाचा. मराठीत सगळा वर्ग ६२ ते ७८ मध्ये दाटीवाटीने बसलाय, गणितात तोच वर्ग २२ पासून ७८ पर्यंत पांगलाय. पहिला मुद्दा कोसळतो तो इथेच. मराठीत ६६ वरून ७८ वर जाणं, म्हणजे १२ गुण, मुलाला तळाजवळून थेट पहिल्या क्रमांकावर नेतं. गणितात ५४ वरून ६६ वर जायलाही १२ च गुण लागतात, पण त्याने चौथ्याचा फक्त तिसरा होतो. पेपर १०० चा आहे यावरून कमाल गुण किती एवढंच कळतं. एका गुणाला किती वजन आहे ते वर्ग किती पांगलाय यावर ठरतं.

आता 'एकूण' च्या कॉलमप्रमाणे क्रम लावा: ५, मग २ आणि ३ बरोबरीत, मग १, ७, ४, ६, ८. नुसत्या गणिताचा क्रम लावा: ५, २, ३, १, ७, ४, ८, ६. बरोबरी सोडली तर फक्त शेवटची दोन मुलं इकडची तिकडे झाली. म्हणजे बेरीज दोन विषयांची केली, पण निकाल जवळजवळ एकट्या गणितानेच लावला. मराठीत वर्गात पहिला आलेला क्रमांक १ चा मुलगा एकूणात चौथा आहे आणि मराठीत तळाकडून दुसऱ्या जागी असलेला क्रमांक २ चा मुलगा त्याच्या पुढे. कुणी ठरवून गणिताला जास्त वजन दिलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे ते कुणीच दिलेलं नाही, आपोआप गेलंय.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतो, कारण तो न्यायाचा वाटतो. गणितात सगळ्यांना २० गुण मिळवून पाहा. एकूण होतात १५२, १६०, १६०, १२०, १७२, ११४, १३०, ११२. क्रम? तोच. सगळ्यांच्या बेरजेत सारखाच आकडा घातल्यावर कुणी कुणाच्या पुढे जाणार कसं? जिथे सगळ्यांनी दोन्ही पेपर दिलेत, तिथे हा उपाय गुणवत्ता यादीला स्पर्शही करत नाही. वर एखाद्याला मुळात ८५ असते तर त्याचे १०५ झाले असते, ते वेगळंच.

एकाच मुलाच्या दोन विषयांची तुलना करायची असेल तर हा उपाय चक्क उलटं उत्तर देतो. क्रमांक ४ घ्या: मराठी ६२, गणित ३८. वीस मिळवले की गणित ५८, म्हणजे मुलगा मराठीत बरा. प्रत्यक्षात मराठीत तो वर्गात सगळ्यात शेवटी आहे आणि गणितात त्याच्या मागे दोन जण आहेत. क्रमांक ३ चं उलट: मराठी ७४, मिळवलेलं गणित ८६, म्हणजे गणितात १२ गुणांनी सरस. खरं तर दोन्ही विषयांत तो सरासरीच्या सारखाच वर आहे. 'सारखाच' हे मोजायचं कसं, तेवढंच काम STANDARDIZE करतं: गुणातून सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे वर्ग किती पांगलाय त्याच्या मापाने, भागायचं. मराठीचं प्रमाण विचलन ५, गणिताचं २०. क्रमांक ३ ला मराठीत (७४ − ७०) ÷ ५ = ०.८ आणि गणितात (६६ − ५०) ÷ २० = ०.८. क्रमांक ४ ला मराठीत −१.६, गणितात −०.६.

शीटमध्ये हजेरी क्रमांक A मध्ये, मराठी B2:B9 मध्ये आणि गणित C2:C9 मध्ये असेल, तर D2 मध्ये हे लिहायचं:

```
=STANDARDIZE(B2,AVERAGE(B$2:B$9),STDEV.P(B$2:B$9))
```

ते उजवीकडे E2 मध्ये ओढलं की B च्या जागी आपोआप C येतो. मग दोन्ही सेल खाली नवव्या ओळीपर्यंत ओढायचे आणि F2 मध्ये =D2+E2 करायचं. एकूण येतात १.८, ०.४, १.६, −२.२, २.२, −१.०, −०.८, −२.०. पहिला अजूनही क्रमांक ५ च, पण क्रमांक १ आता दुसरा आहे आणि क्रमांक २ चौथ्या जागी गेलाय. मघाशी १४० वर बरोबरीत असलेल्या २ आणि ३ मध्ये आता १.२ चं अंतर आहे.

गडबड होते ती बहुतेक वेळा $ लिहायचं राहून गेल्यामुळे. पहिल्या ओळीचं उत्तर बरोबर दिसतं, म्हणून शंका येत नाही. पण खाली ओढताना रेंजही खाली सरकते, दुसऱ्या मुलाच्या ओळीत B3:B10 होते, आणि प्रत्येक मूल वेगळ्याच वर्गाशी मोजलं जातं. खालच्या ओळी रिकाम्या असतील तर शेवटच्या ओळीत #NUM! येतं, कारण तिथे रेंजमध्ये एकच आकडा उरतो आणि प्रमाण विचलन शून्य होतं. खाली 'एकूण' ची ओळ असेल तर तेही येत नाही आणि चूक तशीच छापली जाते. त्यामुळे D आणि E कॉलम भरल्यावर प्रत्येकाची सरासरी काढून बघायची. ती ० आली पाहिजे आणि STDEV.P १ आलं पाहिजे. दशांशाच्या पार टोकाला किरकोळ काही दिसलं तर ते सोडून द्या.

STDEV.P घ्यायचं की STDEV.S यावर विनाकारण वाद होतो. S हे नमुन्यासाठी असतं; इथे पूर्ण वर्ग हातात आहे, म्हणून P. दोन्ही कॉलमांत तितकीच मुलं असतील आणि दोन्हीकडे S घेतलं तरी क्रम बदलत नाही. एका कॉलमला P आणि दुसऱ्याला S एवढं मात्र करू नका.

तिसऱ्या मुद्द्यातला 'मायनस' म्हणजे सरासरीच्या खाली, बाकी काही नाही. कुणाचे गुण कापले जात नाहीत. प्रगतिपुस्तकावर तसा आकडा नको असेल तर =50+10*D2 करा. क्रमांक १ चे मराठीत ६६ आणि गणितात ५२ दिसतील, क्रमांक ४ चे ३४ आणि ४४. मायनस गेला, क्रम तोच राहिला. फक्त हे आकडे उत्तीर्ण-अनुत्तीर्णासाठी वापरायचे नाहीत. ३५ ची अट मूळ गुणांवरच तपासायची, कारण सगळा वर्ग उत्तम असला तरी कुणीतरी सरासरीच्या खाली असणारच.

मायनसपेक्षा गैरहजर मुलाची काळजी जास्त करायला हवी. त्याच्यापुढे ० लिहिला तर काय होतं पाहा. आपल्या आठ जणांत नववा गैरहजर आला आणि मराठीत ० भरला, तर सरासरी ७० वरून ६२.२ वर येते आणि प्रमाण विचलन ५ वरून २२.५ वर उडी मारतं. क्रमांक १ चे ७८ गुण, जे १.६ होते, ते ०.७ वर घसरतात. पेपर तोच, उत्तरपत्रिका तीच. सेल रिकामा ठेवला तर सरासरी वाचते, पण STANDARDIZE त्या रिकाम्या सेललाच शून्य धरतं आणि त्या मुलापुढे −१४ छापतं. 'गैरहजर' असा शब्द लिहिला तर सरासरी वाचते आणि त्याच्या ओळीत #VALUE! येतं. हे बरं, निदान नजरेत भरतं. नीट करायचं तर सूत्राला IF(ISNUMBER(B2), … ,"") चं कुंपण घाला. मग F मध्येही साधी बेरीज चालणार नाही, ज्याचे दोन्ही आकडे आहेत त्याचीच बेरीज घ्यायची.

चौथा मुद्दा तर माहितीतच चुकलाय. एमएचटी-सीईटी वेगवेगळ्या सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो: तुमच्या सत्रातल्या किती टक्के उमेदवारांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत. त्यात सरासरीही नाही आणि प्रमाण विचलनही नाही. प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला १०० पर्सेंटाइल मिळतं, मग पेपर कसाही असो. एका सत्रात हजारो मुलं असतात म्हणून ते चालतं. आठ जणांच्या वर्गात पर्सेंटाइलची एक पायरी १२.५ ची होते. गणितातल्या ७८ आणि ७४ मधलं अंतर आणि ६६ आणि ५४ मधलं अंतर, दोन्ही एकच पायरी. छोट्या वर्गात STANDARDIZE सरस ठरतं ते यामुळे, ते गुणांमधलं अंतर पुसत नाही.

दोन्ही पद्धतींच्या मुळाशी मात्र एकच गृहीतक आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने शंका घ्यायचीच होती तर ती इथे घ्यायला हवी होती. दोन पेपर दोन वेगळ्या गटांनी दिले असतील, तर ते गट मुळात सारखे आहेत असं धरलेलं असतं. आपल्या उदाहरणात तो प्रश्न नव्हता, दोन्ही पेपर त्याच मुलांनी दिले. पण 'अ' तुकडीला एक पेपर आणि 'ब' तुकडीला दुसरा, आणि तुकड्या मागच्या वर्षीच्या गुणांवरून पाडलेल्या, असं असेल तर STANDARDIZE दोन्ही तुकड्यांत बरोबर सरासरीइतके गुण असलेल्या मुलाला शून्यच देणार. 'ब' ची सरासरी कमी आली ती पेपर अवघड होता म्हणून की मुलं कच्ची होती म्हणून, हे त्या दोन कॉलमांत कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी पेपर काढतानाच दोन्हीकडे काही प्रश्न अगदी तेच ठेवावे लागतात आणि त्या प्रश्नांचे गुण वेगळ्या कॉलममध्ये भरावे लागतात.