‘अंतिम मंजुरी’ म्हणजे नक्की कधी?

गेल्या महिन्यात एका एजन्सीचा करारनामा आला. 24,000 शब्दांचं मशीनचं मॅन्युअल, इंग्रजीतून मराठीत, शब्दाला दीड रुपया, म्हणजे 36,000 रुपये. दर बरा होता, सही करणारच होते. मग तिसऱ्या पानावर दिसलं: ‘अंतिम मंजुरीनंतर 60 दिवसांत पेमेंट’. त्याखाली: ‘क्लायंटचं समाधान होईपर्यंत दुरुस्त्या’.

ही दोन कलमं एकत्र वाचा. दुरुस्त्यांना अंत नाही, म्हणून मंजुरीला तारीख नाही, म्हणून ते 60 दिवस सुरूच होत नाहीत. आपण सगळे दरावरून घासाघीस करतो आणि इथे मान डोलावतो.

मी ‘मंजुरी’ खोडून ‘फाइल पाठवल्याची तारीख’ लिहिलं आणि 60 चे 45 केले. माझी उद्यम नोंदणी आहे (फुकट होते, काम घेण्याआधीच करून ठेवा). सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार करारातसुद्धा 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात, आणि 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम दिलं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरतात. हरकत आली तर मात्र ती दूर होईपर्यंत घड्याळ थांबतं. म्हणून दुरुस्त्यांची मर्यादा हा खरं तर पैशांचाच मुद्दा आहे.

ती मर्यादा ‘दोन वेळा’ असं नुसतं लिहून भागत नाही. चूक आणि आवड वेगळी काढावी लागते. अर्थ चुकला, आकडा चुकला, ओळ सुटली, तर मी कितीही वेळा फुकट दुरुस्त करीन. पण त्यांच्याच शब्दसूचीत ‘वापरकर्ता’ असताना नंतर कुणाला सगळीकडे ‘युजर’ हवं झालं, तर ती आवड. तशी एक फेरी दरात, तीही 10 दिवसांच्या आत. पुढे तासाला 500 रुपये. मूळ इंग्रजीच बदललं तर ते नवं काम.

काम रद्द झालं तर काय, याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी त्यात पोळले आहे. आठवडा राखून ठेवला, तिसऱ्या दिवशी ‘होल्ड’ म्हणून फोन आला आणि नंतर शांतता. या वेळी लिहिलं: झालेल्या शब्दांचे पूर्ण पैसे, उरलेल्यांचे 25 टक्के. म्हणजे 7,000 शब्दांवर काम थांबलं तर 10,500 आणि उरलेल्या 17,000 शब्दांचे 6,375. उरलेल्यांचेही पूर्ण पैसे मागायचा मोह झाला होता. पण आपल्याकडे वाद झाला तर वाजवी भरपाईच मिळते, करारात आकडा केवढाही असो.

एजन्सीने 45 दिवस आणि एक फेरी मान्य केली, 25 चे 20 टक्के केले. ‘रद्द केल्याचं ईमेल येईपर्यंत काम चालू समजावं’ हे वाक्य मात्र मला सुचलंच नव्हतं. ते त्यांच्या कोऑर्डिनेटरताईंनी स्वतःहून घातलं.