शिवी लपवा, पण लपवली हे सांगा

आमचं पेज कांद्याचं आहे. लिलाव, चाळी, रोपं, निर्यात, हेच विषय. लोक तिथे तावातावाने बोलतात, आणि बोलायलाच हवं. पण पेज चालवणाऱ्या बऱ्याच मंडळींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते: शिवीगाळ झालेली कमेंट सगळे लपवतात, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. का, ते सविस्तर लिहितो.

आधी फेसबुकवर 'Hide' दाबल्यावर नेमकं काय होतं ते बघू. कमेंट पुसली जात नाही. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या लोकांना ती दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. म्हणजे माणूस समजतो की आपलं म्हणणं हजारो शेतकरी वाचतायत, आणि प्रत्यक्षात ते त्याच्या ओळखीच्यांपुरतंच उरलेलं असतं. आठ दिवसांनी शेजारचा गडी म्हणतो, 'मला तर तुझी कमेंट दिसतच नाही.' मग त्याला वाटतं आपल्याला फसवलं. आणि खरंच आहे ते. शिवी दिली म्हणून त्याला अंधारात ठेवायचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला. त्या दिवसांत आमच्या पेजवर कमेंटचा पूर आला. त्यातल्या एका कमेंटवर आमच्यात खूप चर्चा झाली. एका शेतकऱ्याने लिहिलं होतं की लिलावात पुकारलेला भाव वेगळा, आणि ट्रॅक्टर खळ्यावर खाली करायला गेल्यावर माल हलका म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला. पावतीवर काय लिहिलं तेही दिलं होतं. इथपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याने वाचावी अशी माहिती. शेवटच्या दोन ओळींत मात्र त्या व्यापाऱ्याच्या आईवरून शिवी आणि त्याचा मोबाइल नंबर, सोबत 'फोन करून झोपू देऊ नका' असं आवाहन.

अशा वेळी 'सभ्य भाषा वापरा' हा नियम काही कामाचा नसतो. सभ्य कशाला म्हणायचं हे निफाडला वेगळं, पुण्यात वेगळं. रागावलेल्या शेतकऱ्याची रांगडी बोली ही असभ्यता नव्हे. म्हणून नियम लिहिताना भाषेचा पोत धरू नये, कृती धरावी. आमचे नियम चारच आहेत. कुणाच्या आईबहिणीवरून किंवा शरीरावरून शिवी नको. जातीवरून, धर्मावरून हिणवणं नको. कुणाचा फोन नंबर, पत्ता, घरच्यांचा फोटो नको. मारहाणीची धमकी किंवा चिथावणी नको. सरकार नालायक आहे, व्यापारी लुटतात, पेजवाले विकले गेलेत, हे सगळं राहतं. तिखट लागलं म्हणून काही जात नाही.

नियम नीट लिहिला गेलाय की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. जुन्या वीस-पंचवीस कमेंट काढायच्या, दोघांनी वेगवेगळं बसून कुठली ठेवायची, कुठली लपवायची ते ठरवायचं, आणि मग ताडून बघायचं. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे बहुतेक वेळा नियमाचं वाक्य ढिलं असतं. आमच्याकडे पहिल्यांदा 'वैयक्तिक टीका नको' असं वाक्य होतं. एकाने त्यात मंत्र्यावरची टीकाही धरली, दुसऱ्याने धरली नाही. ते वाक्य काढलं.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये शब्दांची यादीही देता येते. तो शब्द आला की कमेंट आपोआप लपते. तिच्यावर फार विसंबू नका. 'डुक्कर' हा शब्द शिवी म्हणून यादीत घातलात की रानडुकरांनी मका लोळवला असं सांगणारा प्रत्येक शेतकरी गायब होतो. उलट खरी शिवी द्यायची असेल तो मध्ये एक टिंब टाकतो, नाहीतर रोमन लिपीत लिहितो, आणि सहज निसटतो. ज्यांचा दुसरा कुठलाच अर्थ होत नाही असे मोजके शब्द यादीत ठेवावेत, बाकीचं माणसाने वाचून ठरवावं.

त्या शेतकऱ्याची कमेंट आम्ही लपवली, आणि लगेच त्याला पेजवरून मेसेज केला: 'दादा, खळ्यावर भाव पाडल्याची तुमची माहिती महत्त्वाची आहे. शेवटच्या दोन ओळींतली शिवी आणि फोन नंबर यामुळे कमेंट लपवली आहे. त्या दोन ओळी वगळून पुन्हा टाका, ती राहील. बाजार समितीकडे लेखी तक्रार करणार असाल तर पावती जपून ठेवा.' त्याने पुन्हा लिहिलं, आणि त्याखाली इतरांनी आपले तसलेच अनुभव मांडले.

त्या पोस्टखाली सगळ्यांसाठी सूचना लावली, ती अशी:

'या पोस्टखालच्या काही कमेंट आम्ही लपवल्या आहेत. त्यांत आईबहिणीवरून शिव्या होत्या, एकीत खासगी मोबाइल नंबर होता. निर्यातबंदीवर, सरकारवर, व्यापाऱ्यांवर आणि आमच्यावर केलेली टीका जशीच्या तशी आहे. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत राहते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. तोच मुद्दा शिवी वगळून लिहिलात तर राहील. आमचा निर्णय चुकला असं वाटत असेल तर पेजला मेसेज करा. ज्याने कमेंट लपवली त्याच्याऐवजी दुसरा माणूस ती पुन्हा वाचेल.'

यात कुणाचं नाव नाही, 'विकृत', 'समाजकंटक' असली विशेषणं नाहीत, कायद्याचा धाक नाही. 'लपवण्यात आल्या आहेत' असंही मुद्दाम लिहिलं नाही. आम्ही लपवल्या, तर तसं म्हणावं. माणूस चिडतो तो बहुधा त्याला वाईट ठरवल्यामुळे. त्याचं वाक्य चुकलं एवढंच सांगितलं तर तो पुष्कळदा ऐकून घेतो.

धमकीची गोष्ट वेगळी. ती नुसती लपवून भागत नाही. तारीख, वेळ आणि प्रोफाइलचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्यायचा, कमेंटची लिंक जपायची, ज्याला धमकी आहे त्याला कळवायचं, मग लपवायची. घाईत पुसून टाकली तर उद्या त्याने पोलिसांत जायचं ठरवलं तरी हातात काही उरत नाही.

काही जण म्हणतात, अॅडमिनवर जबाबदारी नसते, कोर्टानेच सांगितलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल होता. सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिलं तर, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं काही दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, असं त्यात म्हटलं. तेव्हा ग्रुपच्या अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढताच येत नव्हता. पेजवर आपल्या हातात ते बटण आहे. त्या निकालाच्या आडोशाला बसून कुणाच्या लेकीबाळींवरची घाण तशीच ठेवणं मला पटत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो आपल्या बाजूची शिवी येते तेव्हा. निर्यातबंदीवर आमचाही राग होता. मंत्र्याला आईवरून शिवी देणाऱ्या कमेंटला भराभर लाइक पडत होते, आणि ती लपवली तेव्हा 'तुम्ही शेतकऱ्याचे की सरकारचे?' असं विचारलं गेलं. त्याच दिवशी शेतकऱ्यांना 'फुकटे' म्हणत त्यांच्या बायकांबद्दल गलिच्छ लिहिणाऱ्या एका शहरी माणसाची कमेंटही याच नियमाने लपवली होती. त्याचा 'फुकटे' हा शब्द असलेली दुसरी कमेंट मात्र ठेवली. वाचून संताप येतो, पण ते मत आहे, आणि त्याला उत्तर द्यायला आमच्या पेजवर पुष्कळ शेतकरी समर्थ आहेत.

दुसरी पेजं चालवणाऱ्यांनो, ठेवावी की लपवावी हे तुम्हाला ठरवता आलं नाही अशी एखादी कमेंट नाव, नंबर काढून खाली लिहा. शिवीच्या जागी फुल्या टाका. आपण मिळून बघू.