विशेष संदर्भ : वाळवा तालुका

पीएचडीच्या आरएसीची, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहायची तारीख तोंडावर आली आहे, सिनॉप्सिसमध्ये ‘रिसर्च गॅप’, म्हणजे आधीच्यांनी न शोधलेलं काय, या मथळ्याखालचं पान कोरं आहे आणि तुम्ही विश्रामबागेतल्या खोलीवर भडंगाची पुडी पुढ्यात घेऊन डोकं धरून बसला आहात. उठा. गॅप शोधायचा नसतो, तो तयार मिळतो. आवडीचा विषय घ्या, मध्ये ‘एक चिकित्सक अभ्यास’ ठेवा आणि शेवटी आपला तालुका लावा. ‘ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या ठिबक सिंचन स्वीकाराचा एक चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ वाळवा तालुका’. झालं काम. पलूसमध्ये कुणी केलं असेल, मिरजेत केलं असेल, पण वाळव्यात केलेलं नाही, हा तुमचा गॅप. आणि वाळव्यातही केलेलं निघालंच, तर ‘विशेष संदर्भ आष्टा परिसर’ करायला कोण आडवं येतंय?

शोधगंगेवर मात्र जाऊ नका. तिथं देशभरातले प्रबंध ठेवलेले असतात. आपलंच शीर्षक फक्त तालुका बदलून समोर आलं की उगाच मन खट्टू होतं.

आता संदर्भ साहित्याचा आढावा. एका पेपरला एक परिच्छेद, वर्षाच्या क्रमानं. ‘अमुक यांनी 2009 मध्ये अभ्यास केला. त्यांना असे आढळून आले की...’ मग पुढचे अमुक. पेपर पूर्ण वाचण्याची गरज नाही. सारांश आणि शेवटी ‘पुढील संशोधनास वाव’ असतो तो तुकडा, एवढं बघितलं की भागतं. वाव त्यांनीच दाखवलेला असतो, आपण नुसतं आत शिरायचं. त्यांना तो वाव का सुटला, पैसे संपले म्हणून की त्यात काही अर्थ नव्हता म्हणून, ही चौकशी आपली नाही. सगळ्यांत शेवटी ते अजरामर वाक्य: ‘वरील आढावा घेतला असता असे दिसून येते की सदर विषयावर वाळवा तालुक्यात संशोधन झालेले नाही.’ वाळव्यातल्या कुत्र्यांच्या शेपटीच्या लांबीवरही झालेलं नाही, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतली तरी करू नका. पेपरांचा तक्ता करू नका.

आष्ट्याच्या एका मुलीनं तो केला. विषय हाच, ठिबक. एका ओळीत एक पेपर आणि उभे रकाने: प्रश्न काय विचारला, कुठं, मोजलं काय, कसं मोजलं, निघालं काय. इथवरही ठीक होतं. पण तिनं आणखी एक रकाना आखला: ‘पाणी वाचलं’ म्हणजे या माणसानं नक्की काय धरलंय? त्या रकान्यानं तिचा घात केला. एकेक पेपर सुट्टा वाचला की सगळे शहाणे वाटतात. रकाना वरून खाली वाचला की ते एकमेकांशी भांडायला लागतात.

तिच्या तक्त्यात तीन जातीचे पेपर निघाले. पहिले प्रयोगाच्या प्लॉटमधले. एका तुकड्याला पाटपाणी, शेजारच्याला ठिबक, दोन्हीकडं किती पाणी सोडलं ते मोजलेलं. ठिबकाला कमी लागलं, एकरी ऊसही चांगला आला. दुसरे प्रश्नावलीचे. ‘ठिबकामुळे पाण्याची बचत झाली असे आपणांस वाटते काय?’ पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ. अनुदान घेऊन बसवलेल्या संचाबद्दल परक्या माणसानं विचारल्यावर तटस्थ राहणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. तिसरे, खोऱ्याच्या पातळीवरचे. वॉर्ड आणि पुलिदो-वेलाझ्केझ या दोघांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या रिओ ग्रांदे नदीच्या वरच्या खोऱ्याचं गणित मांडून दाखवलं, की ठिबकाला अनुदान दिलं तर एकूण संपणारं पाणी कमी होण्याऐवजी वाढू शकतं. 2018 मध्ये ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याच विरोधाभासावर बोट ठेवलं.

अशा वेळी काय करायचं, हे कुठलाही अनुभवी मार्गदर्शक सांगेल: ‘या संदर्भात अभ्यासकांमध्ये मतभेद आढळून येतात’ असं लिहायचं आणि पुढच्या प्रकरणाला लागायचं. पोरगी तिथंच थांबली. ती म्हणाली, ‘सर, मतभेद नाहीतच. पहिले सोडलेलं पाणी मोजतायत, तिसरे संपलेलं.’

तिचं म्हणणं असं. पाटानं सोडलेल्या पाण्यातलं काही ऊस पितो, काही हवेत उडतं, उरलेलं जमिनीत मुरून कुणाच्या तरी विहिरीला किंवा परत नदीला लागतं. ठिबक मुख्यतः हे मुरणारं पाणी कमी करतं. ऊस प्यायचं ते पितोच, जोमानं वाढला तर जास्तच पितो. आता वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यानं आणखी एकरभर लावण केली, तर एकरी हिशेबात बचत आणि खोऱ्याच्या हिशेबात तूट, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणजे दोन्ही बाजूंचे पेपर बरोबर होते. आणि त्यांना जोडणारी मधली गोष्ट, एकाच शेतकऱ्याच्या सगळ्या रानाचं ठिबकाआधी आणि ठिबकानंतर काय झालं, तिच्या तक्त्यातल्या एकाही पेपरनं विचारलेली नव्हती.

रॉबिन्सन, साल्डान्हा आणि मॅकॉय यांनी 2011 मध्ये वैद्यकीय आढाव्यांसाठी गॅप का पडतो याची चार कारणं मांडून ठेवली आहेत: माहिती अपुरी किंवा ढोबळ असते, ती एकतर्फी झुकलेली असते, अभ्यासांचा मेळ बसत नाही, किंवा माहिती ढीगभर असते पण हवी ती नसते. ‘आमच्या तालुक्यात झालेलं नाही’ हे पाचवं कारण त्यांना सुचलं नाही, म्हणून हे तिघं तुमच्या संदर्भसूचीत नकोत. मुलीनं मात्र चौथ्यावर खूण केली: प्लॉटवाल्यांची माहिती भरपूर आहे, पण प्रश्न रानाचा आहे.

मग ती तालुक्याकडं आली, तेही उलट्या बाजूनं. आपण तालुका शीर्षकाला शेपटासारखा लावतो. ती विचारत बसली, की वाळव्यात हा हिशेब वेगळा येण्याचं काही कारण आहे का? दोन सापडली. एक, कृष्णाकाठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं पाणी मुरून भूजल वर आलं आणि जमिनी क्षारपड झाल्या. रिओ ग्रांदेच्या गणितात मुरलेलं पाणी खालच्या कुणाच्या तरी कामी येतं. इथं त्यातलं काही शेजाऱ्याच्या रानात मीठ वर आणतं. म्हणजे मुरणं कमी होणं हा इथं आपल्याआप तोटा धरता येत नाही. दुसरं, वाचलेलं पाणी कुणाचं? स्वतःच्या विहिरीवर मोटार असेल तर वाचलेलं पाणी त्याचंच, दुसऱ्या तुकड्याला वळवता येतं. नदीतून पाणी उचलून गावाला देणाऱ्या उपसा संस्थेचं पाणी असेल तर ते पाळीनं येतं आणि पट्टी बहुतेक एकरावर. कमी घेतलं म्हणून पट्टी कमी होत नाही आणि उरलेलं नव्या तुकड्यावर नेणं हातात नसतं. पिण्याच्या पाण्यासारखं मीटर लावून बिल येतंय, असं समजून लिहिलेले पेपर इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत.

एवढं झाल्यावर प्रश्न असा उरला: वाळवा तालुक्यात ठिबक घेतलेल्या ऊसकऱ्यांचं उसाचं क्षेत्र ठिबकानंतर वाढलं का, आणि स्वतःच्या मोटारीवाल्यांचं संस्थेच्या पाण्यावाल्यांपेक्षा जास्त वाढलं का? शीर्षकात ‘चिकित्सक’ नाही, ‘अभ्यास’ नाही, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. हॉलमध्ये शांतता पसरेल असंच.

तुम्ही म्हणाल, पाण्याचाच प्रश्न का नाही विचारला? विचारला होता. शेतीपंपाचं बिल बऱ्याच ठिकाणी अश्वशक्तीवर, त्यामुळं किती उपसलं हे कागदावर नाही, आणि रात्रीच्या लाईटीत मोटार किती तास चालली हे दोन वर्षांमागचं कुणाला आठवत नाही. म्हणून तिनं प्रश्न छाटला: पाणी नाही, क्षेत्र. क्षेत्र म्हणजे पाणी नव्हे, हेही तिनं सिनॉप्सिसमध्ये स्वतःच लिहून ठेवलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची ही नवी पद्धत.

क्षेत्राची नोंद साखर कारखान्याच्या गट ऑफिसात असते. तिथं ऊसनोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयनं रजिस्टर उघडून दिलं आणि म्हणाला, ‘ताई, ही नोंद म्हाताऱ्याच्या नावावर आहे, ऊस नातवाचा. आणि खालचा तुकडा दुसऱ्या कारखान्याला जातो.’ म्हणजे नाव धरून बेरीज करून भागत नाही, घर धरून करावी लागते. एका वर्षाची तुलनाही चालत नाही, कारण आडसाली लावण वर्षापेक्षा जास्त काळ रानात उभी असते आणि मागं खोडवा राहतो; ठिबकाआधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं तरी हवीत. भाव चांगला मिळाला म्हणून सगळ्यांनीच ऊस वाढवला असेल, तर ते ठिबकाच्या खात्यावर पडू नये म्हणून ठिबक न घेतलेले शेजारीही मोजायचे. आणि सगळ्यांत वाईट शंका तिनं स्वतःच काढली: ठिबक घेतलं म्हणून क्षेत्र वाढलं, की क्षेत्र वाढवायचं ठरलं होतं म्हणून ठिबक घेतलं? रजिस्टरमध्ये ठिबकाच्या आधीपासूनच क्षेत्र चढतं दिसलं, तर तिच्या उत्तरातली अर्धी हवा जाते. हे सगळं कशासाठी, असं समितीनं विचारलं तर तिच्याकडं एका वाक्याचं उत्तर होतं: ठिबकाला अनुदान पाणी वाचेल म्हणून मिळतं, आणि मोटारीवाल्यांकडं क्षेत्र वाढत असेल तर ते कुणाला आणि कुठल्या अटीवर द्यायचं हे बदलावं लागेल.

तुम्ही या फंदात पडू नका. तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येईल की ‘नाही’, हे तिला आजही माहीत नाही. अशा अवस्थेत माणूस झोपतो कसा? तुमचं तसं नाही. ‘ठिबक सिंचनाचा शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीवर सकारात्मक परिणाम होतो’ हे गृहीतक पहिल्या प्रकरणात लिहा, पाचव्या प्रकरणात ‘सदर गृहीतक सिद्ध झाले’ हे वाक्य आत्ताच टाइप करून ठेवा, आणि मधली प्रश्नावली शंभर झेरॉक्स मारून गावच्या मित्राकडं पाठवून द्या. तो भरून घेईल. कुणाकडनं, ते विचारू नका.