खात्यातून २३६ रुपये का गेले?

“बँका गरिबांच्या खात्यातून गुपचूप पैसे चोरतायत, मालवणात कित्येकांचे २३६ गेले!”

ही चोरी नाही. पासबुकातली नोंद नीट वाचा: डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. कार्ड वर्षभर वापरलं नाही तरी ते चालू ठेवल्याचे पैसे लागतात. तिमाहीला जाणारे १७.७० म्हणजे एसएमएसचे १५ आणि कर २.७०, प्रत्येक मेसेजमागे बँकेलाही दूरसंचार कंपनीला पैसे मोजावे लागतात. कर सरकारजमा होतो. दर मात्र प्रत्येक बँकेचा वेगळा.

एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष वापरानुसारच घ्यावं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलंय. मेसेज येतच नसतील तर लेखी अर्ज करून पैसे परत मागा. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला कार्डाचं वार्षिक शुल्क लागत नाही. तिथे कापलं असेल तर तक्रार कराच.