यूपीआय, दोन सिम आणि परदेशी नंबर: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

“बँकेला लावलेलं सिम पहिल्या स्लॉटमध्येच घाला आणि नेटही त्याचंच वापरा, नाहीतर यूपीआय चालत नाही. परदेशात गेलात की भारतातलं सिम काढून ठेवलं तरी चालतं, ॲप वायफायवर सुरूच राहतं. परदेशातल्या नंबरावर मात्र यूपीआय उघडतच नाही.”

स्लॉटचा काही संबंध नाही. नोंदणीच्या वेळी ॲप विचारतं की बँकेशी जोडलेला नंबर कोणत्या सिमचा, आणि आपण निवडलेल्या सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवतं. खरी गोम इथेच आहे. बाकी ठिकाणी ओटीपी आपल्याकडे येतो, इथे मेसेज आपल्याकडून जातो. फोनच्या पाठवलेल्या मेसेजमध्ये पाहिलंत तर अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ दिसेल, तीच ही. ती ज्या नंबरावरून पोहोचते त्या नंबराचं खातं बँक शोधते.

म्हणून चुकीचं सिम निवडलं की “या नंबराशी खातं जोडलेलं नाही” असं उत्तर येतं आणि माणूस बँकेला दोष देत बसतो. आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते आणि “पाठवा” आपल्यालाच दाबावं लागतं. तिथे दोन सिम असतील तर मेसेज कोणत्या नंबरावरून निघतोय ते दाबण्याआधी बघा, आणि त्या ओळीतलं एक अक्षरही बदलू नका. सिम बरोबर असूनही मेसेज जात नसेल तर रिचार्ज तपासा. रिचार्ज संपल्यावर काही दिवस फोन येत राहतात, त्यामुळे सिम चालू आहे असं वाटतं, पण बाहेर जाणारे मेसेज तोवर बंद झालेले असतात.

नेटचं म्हणाल तर ते कुठलंही चालतं, दुसऱ्या सिमचं किंवा घरच्या वायफायचं. फक्त तो एक एसएमएस वायफायवरून जात नाही, त्याला त्या सिमचं नेटवर्कच लागतं.

सिम काढून ठेवण्याचा सल्ला मात्र घातक आहे. बहुतेक ॲप सिम जागेवर आहे का ते तपासतात आणि नसेल तर पुन्हा पडताळणी मागतात. परदेशात ती करायची तर रोमिंग सुरू असायला हवं आणि त्या मेसेजचे पैसेही पडतात. तेव्हा भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, त्याचा डेटा बंद ठेवा आणि तिकडचा नंबर दुसऱ्या स्लॉटमध्ये किंवा ई-सिमवर घ्या. निघण्याआधी ॲप काढून पुन्हा टाकू नका. फोन बदलायचा असेल तर तो इथे असतानाच बदला. सिम नुसतं ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर त्याहून वाईट होऊ शकतं. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. बँकेत तो तुमच्याच नावावर राहिला तर तुमच्या खात्याचे मेसेज त्या माणसाकडे जातात.

परदेशी नंबराबद्दलचा दावा २०२३ सालीच जुना झाला. त्या जानेवारीत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने आधी दहा देशांच्या नंबरांना वाट करून दिली: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती आणि ब्रिटन. अट अशी की खातं परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, म्हणजे एनआरई किंवा एनआरओ असलं पाहिजे आणि बँकेत तोच परदेशी नंबर नोंदवलेला असला पाहिजे. शिवाय तुमच्या बँकेने आणि ॲपने ही सोय सुरू केलेली असली पाहिजे. म्हणून आधी शाखेत विचारून घ्या.

गेल्या गणपतीला माझा आतेभाऊ मस्कतहून कुडाळला आला. खातं एनआरओ, बँकेत नंबर +968 चा, सगळं रीतसर होतं. तरी घरच्या वायफायवर चार वेळा प्रयत्न करूनही पडताळणी होईना. फोनच्या वरच्या कोपऱ्यात त्या सिमपुढे नेटवर्कची एकही दांडी नव्हती, कारण रोमिंग बंद होतं. त्याने वायफायवरूनच तिकडच्या कंपनीच्या ॲपमधून रोमिंग सुरू केलं. दहाएक मिनिटांनी एक दांडी उगवली, मेसेज गेला आणि खातं समोर आलं. पिन ठरवतानाचा ओटीपीही त्याच नंबरावर आला, त्यामुळे तोवर रोमिंग चालू ठेवलं. हेच त्याने मस्कतमध्ये बसून केलं असतं तर रोमिंगची गरजच पडली नसती. मखरवाल्याचे आठ हजार द्यायचे होते, पण अँड्रॉइड फोनवर नव्या नोंदणीला पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा असते. पाच हजार त्या संध्याकाळी गेले, उरलेले तीन दुसऱ्या दिवशी.