'मानवी चूक झाली' एवढ्यावर गुण का मिळत नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "परीक्षेत प्रयोगाच्या मर्यादा आणि सुधारणा कशा लिहाव्यात, हा लेख वाचला. 'मानवी चूक', 'प्रयोग पुन्हा करावा', 'अधिक अचूक उपकरण वापरावं' या तिन्ही उत्तरांवर तुम्ही काट मारलीत. मग मुलांनी लिहायचं काय? शाळेत नसलेला बॉम्ब कॅलरीमीटर? आणि प्रयोग पुन्हा करणं चुकीचं कसं, हे काही पटलं नाही."

प्रयोग पुन्हा करण्यात चूक काहीच नाही. तो कुठल्या दुखण्यावरचा उपाय आहे हे न सांगता लिहिला, की वाया जातो. नुसत्या नियमांनी हे पटायचं नाही, म्हणून नेहमी विचारला जाणारा एकच प्रयोग घेऊ: स्पिरिटच्या दिव्यात इथेनॉल जाळून तांब्याच्या भांड्यातलं पाणी तापवायचं आणि त्यावरून इथेनॉलचा ज्वलन-उष्मा काढायचा.

समजा पाणी १०० ग्रॅम, तापमान २४ वरून ४४ अंश सेल्सिअस झालं आणि दिव्याचं वजन ०.४६ ग्रॅमने घटलं. पाण्याने घेतलेली उष्णता १०० × ४.१८ × २०, म्हणजे ८३६० ज्यूल. इथेनॉलचा एक मोल ४६ ग्रॅमचा, तेव्हा जळलं ०.०१ मोल. एका मोलमागे ८३६ किलोज्यूल. पुस्तकातला आकडा १३६७. म्हणजे जवळजवळ ३९ टक्के उष्णता हिशेबात आलीच नाही. (ज्वलनाच्या एन्थाल्पीला ऋण चिन्ह असतं, म्हणून "उत्तर कमी येईल" एवढंच लिहिलं तर तपासणारा गोंधळतो. "मोजलेली किंमत पुस्तकातल्या किमतीपेक्षा कमी ऋण येईल" असं लिहावं.)

मर्यादा लिहायला घेण्याआधी एक छोटा हिशेब करावा. थर्मामीटरवर एकेका अंशाच्या खुणा असतील तर प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची अनिश्चितता. सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन वाचनं, म्हणजे २० अंशांत १ अंश, ५ टक्के. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर वजनातली अनिश्चितता जेमतेम २ टक्के. दोन्ही मिळून ७. तूट आहे ३९ टक्क्यांची. तेव्हा "अधिक अचूक थर्मामीटर वापरावा" हे वाक्य खोटं नसलं, तरी त्याने फार तर या ७ टक्क्यांतले ५ कमी होतील. बाकीची तूट तशीच राहील.

आता पुनरावृत्तीकडे येऊ. तीन वेळा केलं आणि ८३६, ८२२, ८४५ आले. सरासरी ८३४. वाचनं एकमेकांना छान धरून आहेत आणि तिन्ही पुस्तकातल्या आकड्यापासून सारखीच लांब आहेत. पुनरावृत्तीने वाचनांची वर-खाली होणारी चढउतार निवते, एखादं भरकटलेलं वाचन पकडता येतं. पण दर वेळी एकाच बाजूला ओढणारी चूक सरासरीत जशीच्या तशी उरते. वाचनं ६५०, ९१०, ७८० अशी विखुरलेली असती, तर मात्र पुनरावृत्ती हे योग्य उत्तर ठरलं असतं. म्हणून आधी प्रश्नात दिलेला तक्ता बघायचा, मग उपाय निवडायचा. बहुतेक मुलं नेमकी ही पायरी गाळतात.

उष्णता बाहेर जाते हे सगळेच लिहितात. पण ती जाते कुठून? थोडी ज्योतीच्या बाजूने थेट हवेत, थोडी भांड्याच्या कडांतून आणि पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून, आणि थोडी खुद्द तांब्यात. या प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे, म्हणून "उष्णतारोधक वापरावा" हे अर्धवट उत्तर होतं. भांड्याच्या तळाला रोधक लावला तर पाणीच तापणार नाही. तो बाजूंना हवा, वर झाकण हवं आणि ज्योतीभोवती वाऱ्याचा आडोसा.

तांब्याच्या वाटेला तर उपकरण बदलायचीही गरज नाही. रिकामं भांडं १२० ग्रॅमचं असेल, तर त्याने घेतलेली उष्णता १२० × ०.३८५ × २०, म्हणजे ९२४ ज्यूल. ती मिळवली की उत्तर ८३६ वरून ९२८ वर जातं. एक जास्तीचं वजन आणि एक जास्तीची ओळ, तूट ३९ वरून ३२ टक्क्यांवर. मला ही सुधारणा सगळ्यात आवडते, कारण ती कुठल्याही प्रयोगशाळेत होते आणि तिचा परिणाम आकड्यात दाखवता येतो.

दुसरी मर्यादा बहुतेक उत्तरांत सुटते: ज्योत विझवल्यावरही गरम वातीतून इथेनॉल उडत राहतं. वजन करेपर्यंत ०.०३ ग्रॅम उडालं, तर खरं जळलेलं ०.४३ असताना आपण ०.४६ धरतो. भागाकार मोठ्या संख्येने होतो आणि उत्तर सुमारे ७ टक्क्यांनी खाली येतं. उपाय साधा आहे. ज्योत विझवताना लगेच टोपण लावायचं आणि दोन्ही वजनं टोपणासकट करायची. पहिलं वजन टोपणाशिवाय आणि दुसरं टोपणासकट केलं, तर सगळा हिशेबच कोलमडतो. म्हणून "दोन्ही" हा शब्द उत्तरात हवाच.

तिसरी गोष्ट भांड्याच्या तळाशी दिसते. काजळी धरली असेल तर ज्वलन अपुरं झालं, कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइड झालाच नाही, आणि मोलमागे उष्णता कमी सुटली. इथे दोन सुधारणा एकमेकींच्या आड येतात. आडोसा चारही बाजूंनी घट्ट बसवला किंवा भांडं ज्योतीला टेकेल इतकं खाली आणलं, की हवा कमी पडते, ज्योत थंड पडते आणि काजळी वाढते. म्हणून आडोशाला खालून फट ठेवायची आणि भांडं ज्योतीच्या टोकाच्या जरा वर धरायचं. हे लिहिणाऱ्याने प्रयोग नीट समजून घेतलाय, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

एका मर्यादेचं पूर्ण उत्तर असं दिसेल: "विझवल्यानंतर वातीतून इथेनॉलचं बाष्पीभवन होतं. त्यामुळे जळलेलं वस्तुमान खऱ्यापेक्षा जास्त मोजलं जातं, मोल जास्त येतात आणि ज्वलन-उष्म्याची किंमत कमी ऋण येते. ज्योत विझताच टोपण लावावं आणि आधीचं व नंतरचं अशी दोन्ही वजनं टोपणासकट करावीत." तीन वाक्यं: काय बिघडलं, आकडा कुठे सरकला, काय बदलायचं. चार गुणांसाठी अशा दोन मर्यादा पुरतात.

मर्यादा नेहमी उत्तर खालीच ओढते असं मात्र गृहीत धरू नका. पाणी न ढवळता थर्मामीटरचा फुगा तळाला टेकवला, तर तो पाण्यापेक्षा गरम तांब्याचं तापमान पकडतो. तापमानवाढ जास्त दिसते आणि उत्तर वर जातं. "मानवी चूक" या शब्दांत ही दिशाच नसते, म्हणून त्यावर काट.

राहिला बॉम्ब कॅलरीमीटर. त्यात दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ज्वलन पूर्ण होतं आणि उष्णता जवळपास सगळी पकडली जाते, हे खरं. पण तो लिहिला की दिलेल्या प्रयोगाची सुधारणा होत नाही, दुसराच प्रयोग सुचवला जातो. प्रश्नात "याच उपकरणाने" असे शब्द असतील तर शून्यच. "पाणी आणखी तापवावं" हाही दुधारी सल्ला आहे. तापमानवाढ ४० अंश केली की थर्मामीटरची अनिश्चितता ५ वरून २.५ टक्क्यांवर येते, पण पाणी खोलीपेक्षा जास्त गरम झाल्याने बाहेर जाणारी उष्णता वाढते. इथे मोठी चूक उष्णतेचीच आहे, तेव्हा या प्रयोगात तो सल्ला न दिलेला बरा.