आपलाच चिवडा आपणच खा

नवीन व्हेरियंट काढायचाय? काढाच. चालू मालाचं पाकीट हिरवं करा, वर 'डाएट' लिहा आणि मशिनसाठी साठ लाखांची फाइल करायला घ्या. फाइल कशी करायची ते मी सांगतो. गेल्या शनिवारी सातपूरच्या आमच्या ऑफिसात, पंखा बंद करून (पडदा हलतो म्हणे), अडीच तास मी हेच शिकलो. शिकवायला पुण्याहून सर आले होते. त्यांची फी दादांनी दिली. मी नुसता हिशेब बघतो आणि धंद्यात दहा टक्क्यांचा भागीदार आहे, त्यामुळे मला दारालगतची खुर्ची.

पहिला नियम: नव्या मालाचा हिशेब करताना जुन्या मालाची शीट उघडायचीच नाही.

आमचा साधा पोह्याचा चिवडा एरवी महिन्याला साठ हजार पाकिटं जातो. डिस्ट्रिब्युटरकडून पाकिटामागे 48 रुपये हातात येतात. पोहे, शेंगदाणे, डाळवं, तेल, मसाला, पाकीट आणि गाडीभाडं मिळून 30 रुपये जातात. उरले 18. नवीन डाएट चिवड्याचे येतात 56, पण मखाना, जवस आणि ते झिपवालं पाकीट यांत 42 जातात. उरले 14. सरांच्या एक्सेलमध्ये महिन्याला वीस हजार हिरवी पाकिटं, म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार. गुणिले 14, झाले 33.6 लाख. दोन माणसं आणि जाहिरातीचे 6 लाख वजा केले की वर्षाला 27.6 लाख. टॅक्स सध्या बाजूला राहू दे. पाच वर्षांचे हे पैसे 15 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले, त्यातून मशिनचे साठ लाख काढले, तरी साडेबत्तीस लाख शिल्लक. दादांनी चहा पुन्हा मागवला.

त्या शीटवर साधा चिवडा कुठेच नव्हता. जणू आम्ही काल धंद्यात उतरलो.

दुसरा नियम: गिऱ्हाइकांना 'हे घ्याल का?' एवढंच विचारा. 'हे घेतलंत तर काय घ्यायचं सोडाल?' हे चुकूनही विचारू नका.

तिसरा: सिंहस्थाची गर्दी फक्त नव्या मालाच्या रकान्यात धरा. 2027 ला येणारे भाविक साधा चिवडा खाणारच नाहीत.

चौथा: सर्व्हेला गेलेले सव्वा लाख नव्या प्रोजेक्टवर टाका, म्हणजे आपण फार काटेकोर आहोत असं वाटतं. ते पैसे कधीच गेलेत, मशिन घ्या नाहीतर नका घेऊ, परत येणार नाहीत, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

पाचवा नियम ट्रायलचा. आम्ही तीन महिने भट्टी भाड्याने घेऊन फक्त नाशिकमध्ये हिरवं पाकीट विकलं. महिन्याला सरासरी 19,300 गेलं. टार्गेट वीस हजारांचं, त्यामुळे सरांनी स्लाइडवर '96 टक्के' असं ठळक लिहिलं आणि टाळ्या झाल्या. याच स्लाइडवर थांबायचं. पुढे जायचं नाही.

मी गेलो. गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांत नाशिकमध्ये साधा चिवडा महिन्याला चाळीस हजार जात होता, यंदा तीस हजार. (महिने तेच धरायचे. दिवाळीच्या महिन्याशी तुलना केलीत तर चिवडा दरवर्षीच बुडालेला दिसेल.) दहा हजार गेले, म्हणजे निम्मं हिरवं पाकीट आपल्याच गिऱ्हाइकाने उचललं, असं मलाही आधी वाटलं. मग धुळे, जळगाव, मालेगावची वही काढली. तिथे हिरवं पाकीट गेलंच नव्हतं, आणि तिथे साधा वीस हजारांवरून 20,800 वर गेला होता. चार टक्के वाढ. हिरवं पाकीट नसतं तर नाशिकचाही आकडा 41,600 च्या आसपास असता. म्हणजे गेले दहा नव्हे, 11,600. विकलेल्या 19,300 मधले 11,600. दर दहा हिरव्या पाकिटांतली सहा आपल्याच पिशवीतून आलेली. गेल्या वर्षीचा आकडा नुसता समोर ठेवून भागत नाही. नवा माल नसता तर काय झालं असतं, त्याच्याशी ताडून बघावं लागतं.

आकड्यांवर विश्वास नसेल तर गंगापूर रोडच्या कुठल्याही किराणा दुकानात उभं राहा. मी मंगळवारी संध्याकाळी दीड तास उभा होतो, दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत. एका काकूंनी सवयीने साधं पाकीट काढलं, हिरवं दिसलं, मागचा मजकूर वाचला, साधं परत हुकला अडकवलं आणि हिरवं घेऊन गेल्या. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, मी हुक दोनच देतो. तुमच्या पोराने एकावर हिरवं लावलं. तुमचाच माल तुमच्याच मालाच्या जागेवर बसलाय."

बरं, आता हे सहा पकडले गेलेच तर काय करायचं? इथे खरी कला आहे. नवशिक्याला जमत नाही, सरांना जमते.

मी वही दाखवल्यावर सर पाच मिनिटं लॅपटॉपमध्ये गेले आणि म्हणाले, "ठीक आहे, कॅनिबलायझेशन, म्हणजे आपल्याच मालाने आपलाच माल खाणं, तेही धरू." मला बरं वाटलं. मग त्यांनी वर्षाला बुडणारी 1 लाख 44 हजार पाकिटं घेतली आणि पाकिटामागे सहा रुपये वजा केले. सहा का? तर साध्या चिवड्याचा 'निव्वळ नफा' सहा रुपये आहे. 18 मधून शेडचं भाडं, मॅनेजरचा पगार, ऑफिसची वीज आणि दादांच्या गाडीचं डिझेल यांचा वाटा गेला की सहा उरतात. नुकसान झालं 8.64 लाख. प्रोजेक्ट तरीही साडेतीन लाखांनी फायद्यात! पुन्हा टाळ्या.

अहो, ते बारा रुपये गेले कुठे? साधा चिवडा कमी विकला म्हणून सातपूरचा शेडमालक भाडं कमी घेणार आहे का? मॅनेजर म्हणणार आहे का, की या महिन्यात बारा हजार पाकिटं कमी गेली, माझा पगार कापा? पाकीट विकलं नाही की फक्त 30 रुपयांचा खर्च वाचतो. बाकीचा खर्च जिथल्या तिथे, आणि तो भरायला जे 18 यायचे ते येत नाहीत. म्हणून वजा करायचे ते 18. सहा नाही, आणि पूर्ण 48 ही नाहीत, कारण 30 चे पोहे-तेल आपण विकतच घेतलेलं नसतं. बी.कॉम.च्या पोराला कळतं हे! दिवसाला माझ्या महिन्याच्या पगाराएवढी फी घेणाऱ्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. सहा घातले की उत्तर जेमतेम फायद्यात येतं, म्हणून सहा घातले.

18 ने करा. 1.44 लाख गुणिले 18, म्हणजे 25.92 लाख. 27.6 मधून गेले, उरले 1.68 लाख. वर्षाला. साठ लाखांच्या मशिनवर! पाच वर्षांत नुसती बेरीज केली तरी 8.4 लाख होतात, आजच्या किमतीत साडेपाचच्या थोडं वर. कोहळा देऊन आवळा काढणं म्हणतात ते हेच. 18 वाल्या गिऱ्हाइकाला आपणच हाताला धरून 14 वर नेऊन बसवायचं.

शेवटचा नियम सगळ्यांना पाठ असतो: "आपण नाही काढला तर दुसरा काढेल." आणि हे नेहमीच खोटं नसतं, म्हणून तर ते चालतं. समोरच्याच्या डाएट चिवड्यावर आपलं गिऱ्हाईक तसंही जाणार असेल, तर ते नुकसान नव्या पाकिटाच्या माथी मारता येत नाही, तेवढं वगळावंच लागतं. पण मग ते जाताना दिसायला हवं की नको? धुळ्यात दुसऱ्या कंपनीचं डाएट पाकीट वर्षभर हुकवर लटकतंय, आणि तिथे आमचा साधा चार टक्क्यांनी वाढला. कोण गेलं? कुठे गेलं? यावर सरांनी मला डाएट कोकचं उदाहरण दिलं. 1982 ला आलं, केवढं चाललं वगैरे. त्याच कंपनीचं 1963 चं टॅब नावाचं डाएट पेय होतं, त्याचं पुढे काय झालं हे स्लाइडवर नव्हतं. दादा म्हणाले, "तू नेहमी अपशकुन करतोस."

बरं, मस्करी पुरे झाली.

दादा, मी डाएट चिवड्याच्या विरोधात नाही. हिशेब करून बघितलाय. दहातली सव्वादोन पाकिटं आपल्या जुन्या मालातून गेली तरी मशिनचे पैसे निघतात. त्याच्यावर गेलं की तोटा. आपली सहा जातायत, तीही मोजून. ती कमी करायची तर हिरवं पाकीट जिथे आपला साधा जातच नाही तिथे न्या. पुण्यात, ठाण्यात आपलं एक पाकीट नाही. तिथे प्रत्येक हिरवं पाकीट नवं, फक्त वाढीव गाडीभाडं 14 मधून कापा. नाहीतर नाशिकमध्ये त्याचा भाव असा लावा की 14 चे 22 तरी होतील, मग माल थोडा कमी गेला तरी चालेल. यातलं काहीही करा, पण आधी भाड्याच्या भट्टीवर अजून तीन महिने करून बघा.

ते करायचं नाही, कारण पुतण्याला मशिन हवंय आणि तुम्हाला त्याचं मन मोडवत नाही. हे मला कळतं. पण मग मन मोडायला नको म्हणून साठ लाख घालतोय असं सरळ म्हणा ना! त्याला एक्सेल कशाला नेसवता? त्या शीटच्या पहिल्या ओळीत साधा चिवडा लिहा, त्याच्या शेजारी 18 लिहा आणि मगच मला दाखवा. तोवर बँकेच्या कागदावर माझी सही मागायला कोणाला पाठवू नका, मी करणार नाही.